इमर्जन्सीतला उशीर कागदावर कसा मांडायचा

आमच्या लोकमान्य नगरातल्या एका काकूंना मागच्या हिवाळ्यात पक्षाघाताचा झटका आला. तीन आठवड्यांनी त्यांचा मुलगा चार पानी पत्र घेऊन माझ्याकडे आला. इंदूरच्याच एका खाजगी रुग्णालयात मी १९ वर्षं मेडिकल रेकॉर्ड विभागात काम केलं आहे, त्यामुळे कॉलनीतली माणसं असे कागद घेऊन येतात. काकूंना नेलं होतं ते रुग्णालय वेगळं. त्याचं नाव इथे देत नाही, कारण हे सगळं कुठेही घडू शकतं.

पत्र मनापासून लिहिलेलं होतं. ‘अमानुष वागणूक’, ‘तासन्‌तास ताटकळत ठेवलं’, ‘कोणी लक्ष दिलं नाही’, ‘दोषींवर कडक कारवाई करा’. वाचताना माझ्याही घशाशी आलं. पण चार पानांत वेळ एकदाही लिहिलेली नव्हती. किती वाजता पोचलो, डॉक्टर किती वाजता आले, स्कॅन कधी झालं, काही नाही. अशा पत्राला प्रशासन काय उत्तर देतं ते मी अनेकदा टाइप होताना पाहिलं आहे: ‘रुग्णास दाखल होताच तत्परतेने उपचार देण्यात आले. आपणास झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’ दोन ओळी, शिक्का, फाइल बंद. पत्रात आकडाच नसेल तर त्यांना खोडायलाही काही नसतं आणि कबूल करायलाही काही नसतं.

मी ते पत्र बाजूला ठेवलं, कोरा कागद घेतला आणि त्याला विचारलं, “आईला शेवटचं ठणठणीत कधी पाहिलं होतं तुम्ही?”

पक्षाघातात हाच पहिला प्रश्न. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. पण त्रास नेमका कधी सुरू झाला हे बहुधा कोणी पाहिलेलं नसतं, म्हणून माणूस शेवटचं नीट दिसलं तेव्हापासून घड्याळ मोजतात. मुलाला आठवेना. सुनेला आठवलं: “सात-दहाला देवापाशी दिवा लावून आल्या, माझ्याशी बोलल्या. मी कुकर लावत होते.” नंतर सात-पस्तीसला काकू सोफ्यावर एका बाजूला कललेल्या दिसल्या. उजवा हात उचलेना, बोलणं जड. शेजारच्यांच्या गाडीतून नेलं.

साडेचार तास ही झाली बाहेरची हद्द. त्या हद्दीत बसलं म्हणजे सगळं ठीक झालं असं नाही. मोठ्या गुठळीने रक्त अडलं की दर मिनिटाला मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी मरतात असा अंदाज आहे. म्हणून रुग्ण दारात आल्यापासून ६० मिनिटांत इंजेक्शन सुरू व्हावं असं उद्दिष्ट जगभर धरलं जातं. छातीत दुखणाऱ्या रुग्णाचा ईसीजी पोचल्यापासून १० मिनिटांत काढायचा असतो, तसंच हे. तक्रारीच्या दृष्टीने या आकड्यांचा उपयोग मोठा आहे. ‘उशीर’ हा शब्द मोजायला एक पट्टी मिळते. पट्टी हातात नसेल तर तुमचा उशीर आणि त्यांची तत्परता हा केवळ शब्दांचा वाद राहतो.

आता वेळा आणायच्या कुठून? डिस्चार्ज कार्डावर त्या नसतात. लोक तेच कार्ड जोडून तक्रार पाठवतात, पण त्यात फक्त दाखल झाल्याची तारीख, निदान आणि औषधं असतात. मिनिटांचा हिशेब दुसऱ्या कागदांत असतो आणि तो अर्ज करून मागावा लागतो. भारतीय आयुर्विज्ञान परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनुसार रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने नोंदी मागितल्या तर डॉक्टरांनी अर्जाची पोच देऊन ७२ तासांत त्या पुरवायच्या असतात. दाखल रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं सांभाळायच्या असतात. झेरॉक्सचा खर्च घेतात, तो द्यावा. काकूंना सही करता येत नव्हती म्हणून अधिकारपत्रावर डाव्या हाताचा अंगठा घेतला आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या.

अर्जात ‘सर्व कागदपत्रं द्यावीत’ एवढंच लिहू नका. तसं लिहिलं की डिस्चार्ज कार्ड आणि बिल हातात ठेवतात. नावं घेऊन मागा. इमर्जन्सीतल्या नोंदवहीच्या त्या पानाची प्रत, येताक्षणी नर्स भरते तो ट्रायाजचा कागद, नर्सिंग नोट्स, ड्युटी डॉक्टरांच्या नोट्स, औषधं दिल्याचा तक्ता, सिटी स्कॅनच्या मागणीची नोंद, स्कॅनची सीडी आणि तपशीलवार बिल. सीडीचा आग्रह धराच. छापील रिपोर्टवर बहुधा रिपोर्ट तयार झाल्याची वेळ असते, पण सीडीतल्या प्रत्येक चित्रावर ते काढल्याची वेळ मशीनने स्वतः उमटवलेली असते. आणि वेगळ्या ओळीत, शक्यतो पहिल्या आठवड्यातच, इमर्जन्सी आणि बिलिंग काउंटरचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्याची मागणी करा. ते चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जाऊन त्यावर नवं भरत जातं. ते तुम्हाला देतीलच असं नाही, कारण त्यात इतर रुग्णही दिसतात. पण ‘जपून ठेवा’ असं लेखी कळवल्यावर ते पुसलं गेलं तर उत्तर त्यांना द्यावं लागतं. काकूंच्या मुलाने हे तीन आठवड्यांनी मागितलं तेव्हा चित्रण गेलेलं होतं.

घरचे कागदही गोळा केले. पार्किंगची चिठ्ठी शेजाऱ्यांच्या गाडीतच सापडली. मुलाच्या फोनमध्ये कॉलची यादी होती, यूपीआयचा व्यवहार होता. सुनेने घाबरून नणंदेला पाठवलेला व्हॉट्सॲप मेसेज होता: ‘अजून डॉक्टर आले नाहीत’, वेळ ८:४७. त्या मेसेजने पुढे मोठं काम केलं.

या कागदांतला एक फरक मी इतकी वर्षं फायली लावताना शिकले. हाताने लिहिलेल्या वेळा गोल असतात: ८:१५, ८:३०, ९:००. कामाच्या धांदलीत नर्स नंतर लिहिते, अंदाजाने लिहिते. त्यात वाईट हेतू असतोच असं नाही. मशीनच्या वेळा सहसा अशा गोल नसतात: ८:१४, ९:४१, ९:५२. दोन्हींत विसंगती दिसली तर मशीनची वेळ धरा, पण आधी ते मशीनचं घड्याळ बरोबर आहे का ते पाहा. ईसीजीचं मशीन सात मिनिटं पुढे आणि मॉनिटर चार मिनिटं मागे, असं मी पाहिलं आहे. यूपीआयची वेळ बँकेच्या सर्व्हरवरून येते, ती प्रमाण मानायची. काकूंच्या व्यवहाराची वेळ ९:४० आणि रुग्णालयाच्या पावतीवरची ९:४१, म्हणजे रुग्णालयाच्या कॉम्प्युटरचं घड्याळ ठीक होतं. आणि नर्सिंग नोट्सचं अख्खं पान एकाच शाईत, एकाच ओघात, सगळ्या वेळा पंधराच्या पाढ्यात, असं दिसलं तर ते पान नंतर लिहिलं गेलं असण्याची शक्यता धरा. तरी खाडाखोड केली असा आरोप मात्र करू नका. ‘या नोंदी कोणत्या वेळी लिहिल्या गेल्या’ एवढंच विचारा. नोंदी कॉम्प्युटरवर असतील तर कोणी, केव्हा भरली किंवा बदलली याचा मागही विचारता येतो.

सगळे कागद समोर ठेवून आम्ही काकूंची संध्याकाळ मांडली. ती अशी.

८:०६ ला पार्किंगची चिठ्ठी. ८:१४ ला नोंदणीची परची. ८:२१ ला नर्सने तपासलं: रक्तदाब १७८/९६, साखर १४२, तक्रारीच्या रकान्यात ‘चक्कर, कमजोरी’, पिवळी पट्टी. ८:५८ ला ड्युटी डॉक्टर आले, त्यांनी उजव्या बाजूची कमजोरी आणि जड बोलणं लिहिलं आणि डोक्याचा सिटी स्कॅन सांगितला. ९:०४ ला स्कॅनची मागणी कॉम्प्युटरवर चढली. ९:४१ ला पंधरा हजारांच्या डिपॉझिटची पावती. ९:५२ ला स्कॅनचं पहिलं चित्र. १०:३५ ला इंजेक्शन सुरू.

दारापासून इंजेक्शनपर्यंत १४९ मिनिटं. उद्दिष्ट ६० चं.

मुलगा म्हणाला, “मग झालं की ताई, हेच लिहू. दीडशे मिनिटं!” मी म्हटलं, एवढ्याने भागणार नाही. एकत्र आकडा लिहिला तर उत्तरही एकत्र येईल. या १४९ मिनिटांचे तुकडे करायला हवेत, कारण प्रत्येक तुकड्याचा मालक वेगळा आहे. दारापासून नर्सपर्यंत १५ मिनिटं. नर्सपासून डॉक्टरपर्यंत ३७. डॉक्टरपासून स्कॅनपर्यंत ५४. स्कॅनपासून इंजेक्शनपर्यंत ४३. बेरीज १४९. मग एकेका तुकड्याला विचारायचं: हा वेळ कशात गेला?

शेवटच्या तुकड्यापासून सुरुवात केली, कारण मुलाचा सगळ्यात जास्त राग त्यावर होता. स्कॅन झाल्यावरही पाऊण तास ‘नुसते आत-बाहेर करत होते’. औषधांचा तक्ता पाहिला. १०:०५ ला काकूंचा रक्तदाब १९२/१०४ झाला होता. हे इंजेक्शन देण्याआधी रक्तदाब १८५/११० च्या खाली आणावाच लागतो, नाहीतर मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका असतो. त्यांनी रक्तदाब उतरवायचं औषध शिरेतून दिलं, १०:२८ ला तो १७६/९२ वर आला आणि सात मिनिटांत इंजेक्शन सुरू केलं. मधल्या काळात न्यूरॉलॉजिस्टशी बोलणं झालं, नातेवाइकांची संमती घेतली. हा वेळ वाया गेलेला नव्हता. बाहेर बसलेल्यांना फक्त बंद दार दिसत होतं. हा तुकडा तक्रारीतून काढायला मी सांगितलं. मुलाला ते आवडलं नाही. पण ज्या उशिराला वैद्यकीय कारण आहे त्यावर बोट ठेवलं, की प्रशासन उत्तरात तोच मुद्दा घेऊन पानभर लिहितं आणि बाकीचे खरे मुद्दे त्याआड झाकले जातात.

पहिली १५ मिनिटं. नर्सने रुग्णाला बघायच्या आधी नोंदणी. ही पद्धतच उलटी आहे: आधी रुग्ण, मग परची. पण एक गोष्ट मी सुनेला हळूच विचारली. काउंटरवर तुम्ही काय सांगितलंत? ती म्हणाली, “मम्मीजी को चक्कर आया है.” आपण मराठी माणसं इथे तीन-चार पिढ्या राहतो, तरी घाबरलं की हिंदी तुटक होते, आणि ‘चक्कर’ हा एक शब्द सगळ्यावर पांघरूण घालतो. तोच शब्द परचीवर आला, तोच नर्सच्या रकान्यात आला आणि लाल पट्टीऐवजी पिवळी लागली. ट्रायाज म्हणजे आलेल्या रुग्णांची निकड ठरवणं: लाल म्हणजे आत्ता, पिवळी म्हणजे थोडं थांबू शकेल, हिरवी म्हणजे रांगेत. सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं चूक तिचीच. तसं नाही. नातेवाईक काय शब्द वापरतो यावर पट्टी ठरू नये, म्हणून तर प्रशिक्षित नर्स तिथे उभी असते. चेहरा वाकडा आहे का, दोन्ही हात उचलता येतात का, बोलणं नीट आहे का, एवढं तिने पाहायला एक मिनिटसुद्धा लागत नाही. नोटमध्ये या तीन गोष्टींची नोंद नव्हती. तक्रारीतला पहिला खरा प्रश्न हा.

मधली ३७ मिनिटं त्या पिवळ्या पट्टीतूनच आली. ८:४७ चा मेसेज इथे उपयोगी पडला. नर्सिंग नोट्समध्ये ‘८:३० डॉक्टरांनी पाहिले’ असं हाताने लिहिलेलं होतं, डॉक्टरांच्या स्वतःच्या नोटवर कॉम्प्युटरची वेळ ८:५८ होती आणि सुनेचा मेसेज दुसऱ्या वेळेला दुजोरा देत होता.

आणि मग ती ५४ मिनिटं. त्यातली ३७, म्हणजे ९:०४ पासून ९:४१ पर्यंतची, डिपॉझिटची वाट पाहण्यात गेलेली. मुलाच्या खात्यातून पैसे जाईनात, दिवसाची मर्यादा संपली होती. त्याने मेहुण्याला फोन केला, मेहुण्याने पैसे पाठवले, मग ९:४० ला भरले. पावती झाल्यावर अकरा मिनिटांत स्कॅन सुरू झाला. म्हणजे मशीन रिकामं होतं, तंत्रज्ञ हजर होता, अडलं होतं ते फक्त पावतीवर. सगळ्या तक्रारीचा कणा मला इथे दिसला, आणि मूळ चार पानी पत्रात याचा उल्लेख अर्ध्या ओळीत होता, ‘पैशांसाठी अडवलं’ एवढाच.

याबद्दल कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगते. १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की डॉक्टर सरकारी असो वा खाजगी, जीव वाचवणं हे त्याचं कर्तव्य आहे आणि कोणतीही औपचारिकता त्याच्या आड येऊ शकत नाही. तो खटला अपघाताचा होता. १९९६ मध्ये पश्चिम बंगालच्या खेत मजदूर समितीच्या खटल्यात, रेल्वेतून पडलेल्या एका माणसाला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवलं म्हणून न्यायालयाने सरकारला भरपाई द्यायला लावली आणि तातडीचे उपचार वेळेवर मिळणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्क सनदेत तर स्पष्टच आहे की तातडीचे उपचार आगाऊ पैसे न मागता सुरू व्हावेत, आणि तक्रारीचं लेखी उत्तर १५ दिवसांत मिळावं. केंद्राने ही सनद राज्यांकडे पाठवली. ती स्वतः कायदा नाही, हे लक्षात ठेवून तिचा आधार द्यायचा. ‘सनदेचा भंग केल्याबद्दल शिक्षा’ अशी मागणी करण्यात अर्थ नाही.

पत्र आम्ही हिंदीत लिहिलं. इंदुरातला मेडिकल सुपरिंटेंडंट मराठी असूही शकतो, पण फाइल ज्या पाच टेबलांवरून फिरते ती हिंदीत वाचते. मुलाने आधी मराठीत लिहून मग हिंदी केलं होतं. मी म्हटलं, सरळ हिंदीतच लिही, भाषांतरात ‘उशीर’चा ‘लापरवाही’ होतो आणि मग वाद त्या शब्दावर जातो. इथे तुमच्यासाठी त्याचा गाभा मराठीत देते:

‘माझ्या आईला (वय ७१, नोंदणी क्रमांक अमुक) अमुक तारखेला रात्री ८:०६ वाजता आपल्या आपत्कालीन विभागात आणले. उजवा हात उचलता येत नव्हता व बोलणे जड झाले होते. त्यापूर्वी ७:१० वाजता ती पूर्ण बरी होती. घटनाक्रम व प्रत्येक वेळेचा पुरावा सोबतच्या पानावर आहे. त्याआधारे आम्ही तीन प्रश्नांची लेखी उत्तरे मागत आहोत. एक, ८:२१ वाजता नर्सने तपासले तेव्हा चेहरा, हात व बोलणे यांची तपासणी झाली होती का, व पिवळी श्रेणी कोणत्या निकषावर दिली? दोन, ८:२१ ते ८:५८ या ३७ मिनिटांत रुग्णास डॉक्टरांनी का पाहिले नाही, व नर्सिंग नोंदीत ८:३० ही वेळ कशी आली? तीन, ९:०४ वाजता मागणी झालेला सिटी स्कॅन डिपॉझिट जमा होईपर्यंत थांबवण्याचा निर्णय कोणत्या नियमाने व कोणाच्या अधिकारात झाला?’

खाली दोन मागण्या: उत्तर १५ दिवसांत मिळावं, आणि तातडीचा स्कॅन डिपॉझिटसाठी थांबवणार नाही असा लेखी आदेश काढून त्याची प्रत मिळावी. दीड पान. सोबत वेळांचं एक पान आणि कागदांच्या झेरॉक्स, प्रत्येकीवर क्रमांक.

तुमच्या लक्षात येईल की यात कुणा डॉक्टरचं नाव नाही. काकूंच्या उजव्या हाताची बोटं आजही नीट वळत नाहीत, वातीसुद्धा वळता येत नाहीत, पण ‘आपल्या उशिरामुळे आईचा हात गेला’ हे वाक्यही पत्रात नाही. मुलाला ते लिहायचं होतं. मी त्याला थांबवलं, कारण लवकर इंजेक्शन मिळालं असतं तर बोटं वाचलीच असती हे कोणी सिद्ध करू शकत नाही. वेळेत इंजेक्शन मिळालेल्या रुग्णांनाही अपंगत्व राहतं. उलट ३७ मिनिटं पावतीसाठी गेली हे नाकारणंच शक्य नाही. जे नाकारता येत नाही तेवढंच पत्रात ठेवलं. हाताचं झालेलं नुकसान हा भरपाईचा विषय आहे आणि त्याची जागा वेगळी, तिथे न्यूरॉलॉजिस्टचं मत लागतं.

पत्र कोणाला द्यायचं यात लोक फसतात. रिसेप्शनवरची मुलगी किंवा ‘पेशंट रिलेशन’ची माणसं गोड बोलून ठेवून घेतात आणि आवक नोंदच होत नाही. पत्र मेडिकल सुपरिंटेंडंट किंवा मेडिकल डायरेक्टर यांच्या नावाने हवं, तक्रार निवारण अधिकारी असतील तर त्यांना प्रत. दोन प्रती न्यायच्या, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यायचा. शिक्का द्यायला नकार दिला तर वाद न घालता स्पीड पोस्टाने पाठवायचं आणि ईमेलही करायचा. सरकारी रुग्णालय असेल तर अधीक्षक, जिल्हा रुग्णालयात सिव्हिल सर्जन. तिथे नोंदी मिळाल्या नाहीत तर माहितीच्या अधिकारात अर्ज करता येतो, ३० दिवसांत उत्तर बंधनकारक आहे.

उत्तर १९ व्या दिवशी आलं. मेडिकल सुपरिंटेंडंटने सही केलेलं, दोन पानी. मला ते वाचून बरं वाटलं, कारण त्यात वेळा होत्या. प्रशासनाने खरंच चौकशी केली की नाही हे ओळखण्याची माझी खूण हीच आहे: उत्तरात त्यांच्याकडची अशी एखादी वेळ किंवा गोष्ट येते जी आपल्याला माहीत नव्हती. ‘प्रोटोकॉलप्रमाणे उपचार’ आणि ‘रुग्ण स्थिर होता’ एवढंच असेल तर फाइल उघडलेलीच नाही असं समजावं आणि दुसऱ्या पत्रात फक्त इतकंच विचारावं: आमच्या प्रश्नांपैकी कोणत्या वेळेशी आपण असहमत आहात?

त्यांनी सांगितलेली आपल्याला माहीत नसलेली गोष्ट ही होती: ८:१८ ला बायपासवरच्या अपघातातला एक तरुण आणला गेला, त्याचा श्वास थांबत होता, आणि ड्युटीवरचा एकुलता एक डॉक्टर ८:५५ पर्यंत त्याच्यापाशी होता. हे खरं असेल, आणि मला खरं वाटलं, तर त्या डॉक्टरने योग्यच केलं. काकूंना पाहायला त्याला सोडून यावं असं कोण म्हणेल? मुलगाही गप्प झाला. पण मग प्रश्न डॉक्टरवरून उठून व्यवस्थेवर जातो: एकच डॉक्टर अडकला तर दुसऱ्याला वॉर्डातून बोलावण्याची पद्धत होती का आणि ८:२१ नंतर कोणी बोलावलं का? पिवळ्या पट्टीमुळे बोलावलं नाही, हे उत्तर त्यांच्या पत्रात न लिहिताही वाचता येत होतं. ट्रायाजच्या कागदात चेहरा, हात, बोलणं असे तीन रकाने घातल्याचं त्यांनी कळवलं, नवा कोरा कागद जोडला. ८:३० च्या नोंदीला ‘लेखनातील त्रुटी’ म्हटलं.

डिपॉझिटबद्दल मात्र एकच ओळ होती: ‘बिलिंग विभागास आवश्यक सूचना दिल्या आहेत.’ आदेशाची प्रत नाही.

इथे पुढची पायरी घ्यावी लागली. मध्य प्रदेशात खाजगी रुग्णालयांची नोंदणी १९७३ च्या राज्य कायद्याखाली होते आणि ती जिल्ह्याच्या सीएमएचओ, म्हणजे मुख्य चिकित्सा आणि स्वास्थ्य अधिकाऱ्यांच्या हातात असते. (महाराष्ट्रातले नातेवाईक तिथले नियम सांगतात, ते इथे लागू नाहीत.) म्हणून दुसरं पत्र त्यांना, रुग्णालयाचं उत्तर जोडून आणि फक्त डिपॉझिटच्या मुद्द्यावर. कलेक्टर कार्यालयात मंगळवारी जनसुनवाई असते, तिथेही हेच पत्र देता येतं. सरकारी रुग्णालयाची तक्रार असती तर १८१ क्रमांकाची सीएम हेल्पलाइन जास्त कामाची ठरली असती, कारण तिथे वेळेत निकाल लागला नाही तर तक्रार वरच्या अधिकाऱ्याकडे चढत जाते, चार पातळ्यांपर्यंत. फक्त ‘समाधान झालं’ म्हणून तक्रार बंद करायला फोन येतो, तेव्हा हातात लेखी उत्तर नसेल तर हो म्हणू नये.

भरपाई हवी असेल तर ग्राहक आयोग. त्यात दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते आणि तुम्ही रुग्णालयाशी पत्रं लिहीत बसलात म्हणून ती थांबत नाही. आणि जिथे सगळ्यांनाच सगळं मोफत आहे अशा रुग्णालयाविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच ठरवलं आहे. काही रुग्णांकडून पैसे घेणाऱ्या रुग्णालयात मात्र मोफत उपचार घेतलेला रुग्णही ग्राहकच. एखाद्या डॉक्टरच्या वागण्याबद्दल तक्रार असेल तर ती राज्याच्या मेडिकल कौन्सिलकडे जाते. काकूंच्या बाबतीत तिकडे जाण्यासारखं काही मला दिसलं नाही आणि मी तसं स्पष्ट सांगितलं.

सीएमएचओ कार्यालयात पत्र दिल्यावर पाचव्या आठवड्यात रुग्णालयाकडून एक लिफाफा आला. आत एका पानाचं परिपत्रक होतं, बिलिंग प्रमुख आणि रेडिओलॉजी विभागाला उद्देशून: आपत्कालीन विभागातून ‘तातडीचा’ म्हणून मागवलेला स्कॅन डिपॉझिटसाठी थांबवू नये, रक्कम नंतर बिलात घ्यावी, रात्रीच्या पाळीतही हेच. मुलाने ते आईला वाचून दाखवलं. काकू आता शब्द सावकाश जुळवून बोलतात. त्यांनी पान डाव्या हातात घेतलं, तारीख पाहिली आणि विचारलं, “हे काउंटरवर लावलंय का?”

मुलगा दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना तिथे थांबून बघून आला. लावलेलं नव्हतं. तिसरं पत्र आम्ही त्याच संध्याकाळी लिहिलं, चार ओळींचं.